थंडावा देणारा लिप बाम लावते तरी ओठ परत परत कोरडे: बाम खरंच वाळवतो का आणि हे चक्र कसं तोडायचं

दिवाळी झाली, कापूस वेचायला सुरुवात झाली की आमच्या मेडिकलच्या काउंटरवर रोज दोन-तीन जणी तरी हेच म्हणतात, "ताई, थो ओठाले लावाचा थंडा बाम द्या न, पयलेचा सरला." पयलेचा कधी नेला होता तर पंधरा दिवसांपूर्वी. आता एवढीशी कांडी, एका माणसाच्या ओठाला दोन महिने तरी पुरायला पाहिजे, पंधरा दिवसात सरते म्हणजे काहीतरी गडबड आहे हे मला डी. फार्म करून इतकी वर्षं दुकानात बसल्यावर आता लगेच कळतं, पण पहिली काही वर्षं मीही मुकाट्यानं दुसरी कांडी काढून देत होते.

मागच्या थंडीत हाच घोळ घरात झाला तेव्हा नीट सोडवावा लागला, म्हणून तोच सांगते. माझी पुतणी, तालुक्याच्या कॉलेजला यष्टीनं जाते, सकाळी सातची गाडी, खिडकीच्या काचा अर्ध्या बंद होत नाहीत, वाऱ्यानं तोंड पार सुकून जाते. डिसेंबरात तिचे ओठ असे उलले की हसली की रक्त यायचं. तिच्याकडे दोन वस्तू होत्या, एक मेन्थॉल आणि कापूर दोन्ही असलेला बाम आणि एक ऑनलाइन मागवलेला पुदिनावाला साखरेचा लिप स्क्रब. म्हणे, "काकू, मी तर सगळं करते, सकाळी स्क्रब, दिवसभर बाम, तरी काहून असं होते?" मी म्हटलं सगळं करतेस म्हणूनच होत असंल, पण नुसतं म्हणून पोट्टी ऐकणार थोडीच, म्हणून आधी बघून घ्यायचं ठरवलं.

पहिलं काम एकदम साधं. वहीच्या शेवटच्या पानावर दिवसभरात बाम लावला की एक रेघ मारायची. रात्री मोजल्या तर सतरा. तिला वाटत होतं पाच-सहा वेळा लावते. सतरा!

दुसरं काम घड्याळाचं. बाम लावल्यावर थंडावा किती वेळ टिकतो ते बघायचं आणि ज्या क्षणी "आता कोरडं वाटतंय, लावावं" असं वाटेल त्या क्षणी बाम न लावता ओठ स्टीलच्या ताटाच्या पाठीवर टेकवायचे. स्वच्छ पुसलेलं ताट घ्या, आरसाही चालतो. तिचा थंडावा वीस-पंचवीस मिनिटांत गेला, तिनं ओठ टेकवले तर ताटावर ओठांचा चांगला चिकट तेलकट ठसा उमटला, रेघा रेघा दिसत होत्या. म्हणजे बामाचा मेणाचा-तेलाचा थर ओठावर जागच्या जागी होता, फक्त थंडावा उडून गेला होता. आणि तिला वाटत होतं की बामच उडाला.

सगळा गोंधळ इथंच आहे, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. मेन्थॉल म्हणजे आपलं पिपरमिंट, पुदिन्याचं फूल. ते ओठ थंड करत नाही, ओठाचं तापमान आहे तेवढंच राहते. आपल्या कातडीतल्या नसांवर थंडी ओळखणारी एक जागा असते, मेन्थॉल जाऊन तीच जागा चालू करते आणि मेंदूला वाटते गार वारा लागला. (ही जागा शोधायला मेन्थॉलच वापरलं होतं, आणि त्या कामासाठी २०२१ चं वैद्यकाचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुशन यांना मिळालं.) कापूर पण नसांवरच काम करतो, थोडी ऊब थोडा गारवा अशी झणझण देतो, त्यानं आधीची खाज किंवा आग काही वेळ विसरायला होते. दोन्ही वस्तू हवेत उडणाऱ्या, कापराची वडी उघडी ठेवली तर बारीक होत जाते ते आपण देवघरात बघतोच. म्हणून बामातलं मेण मागं राहते आणि वास-थंडावा आधी निघून जातो. थंडावा गेला की ओठ आधी जसे होते तसेच असतात, पण आता त्या गारव्याच्या मानानं ते रखरखीत वाटतात. मग परत लावा. परत वीस मिनिटं. परत लावा.

एवढंच असतं तर नुसता पैशाचा खर्च झाला असता. पण ओठाची कातडी गालासारखी नाही. गालाला स्वतःचं तेल सुटते, घाम सुटतो, ओठाच्या लाल भागाला घामाच्या ग्रंथी नाहीत आणि तेल जवळपास सुटतच नाही, वरचा थरही एकदम पातळ. त्यामुळं आतलं पाणी लवकर उडते. अशा पातळ जागी, त्यातही ती आधीच उललेली असताना, दिवसातून सतरा वेळा मेन्थॉल-कापूर चोळला तर ते चुरचुरते, कातडी चिडते, लाल होते, आणि चिडलेली कातडी पापुद्रे सोडते. पापुद्रा दिसला की आपण म्हणतो कोरडे झाले. त्यात बाम गोड वासाचा असला की जीभ आपोआप ओठावर फिरते. थुंकीत अन्न पचवणारे रस असतात आणि थुंकी सुकताना ओठ आणखी सुकवते. ताटाची परीक्षा आम्ही परत एकदा केली, जीभ फिरवल्यावर, तर ठसा जवळपास गायब. म्हणजे जीभ फिरवली की बामही गेला आणि ओलही गेली.

आता स्क्रबचं. साखर, तेल आणि पुदिन्याचं तेल, झालं. पोट्टी रोज सकाळी दोन-दोन मिनिटं घासत होती कारण घासल्यावर ओठ गुळगुळीत आणि गुलाबी दिसायचे. गुलाबी म्हणजे काय हो, सूज आहे ती, घासून रक्त वर आलं. जो पापुद्रा सुटायला तयार नव्हता तोही ओढून काढला, खालची कच्ची कातडी उघडी पडली, आणि त्याच कच्च्या जागेवर लगेच पुदिन्याचं तेल. लग्नाआधी पार्लरमध्ये एकदा स्क्रब केला तर कोणी मरत नाही, पण उललेल्या ओठांवर रोजचा स्क्रब म्हणजे जखमेची खपली रोज काढणं.

मग बाम ओठ वाळवतो का? सरळ उत्तर असं की सगळ्यांचे नाही. ओठ धड असतील, दिवसातून एक-दोनदा लावला, बामाचा मुख्य माल पेट्रोलियम जेली किंवा मेण असंल आणि थंडावा नावापुरता, तर पुष्कळांना काहीच होत नाही. माझे मिस्टर वर्षानुवर्षं लावतात, त्यांचे ओठ म्हशीच्या कातड्यासारखे, काही होत नाही. पण ओठ उललेले असताना, वरचेवर लावताना, वरून चाटताना तो ओठ बरे होऊ देत नाही. आणि बामात सवय लावणारं काहीतरी टाकतात हे जे पोट्टे बोलतात ते काही खरं नाही, सवय हाताची आणि त्या थंडाव्याची लागते.

पुतणीचं काय केलं ते सांगते. दोन्ही वस्तू माझ्याकडं जमा. तीन आठवडे फक्त साधी पांढरी पेट्रोलियम जेली, बिनवासाची, बिनरंगाची, छोटी डबी स्वस्तात येते. दिवसा ज्वारीच्या दाण्याएवढी दोन्ही ओठांना मिळून बस, रात्री झोपताना तुरीच्या दाण्याएवढी, जरा जाड. केव्हा लावायची तर दात घासून झाल्यावर, यष्टीत बसायच्या आधी, जेवल्यावर, संध्याकाळी घरी आल्यावर आणि झोपताना. लावायच्या आधी ओठ कोमट पाण्यानं ओले करून फडक्यानं नुसते टिपायचे, पुसायचे नाहीत, आणि ओलसर असतानाच जेली. हे महत्त्वाचं आहे कारण जेली स्वतः पाणी देत नाही, आहे ते पाणी अडवून ठेवते, वाळल्या खटखटीत ओठावर लावली तर अडवायला कमीच असते.

पहिले तीन दिवस ती माझ्याशी नीट बोलली नाही. "काकू, यानं काहीच वाटत नाही, जास्तच कोरडं लागते." हेच होणार होतं. थंडावा बंद झाला की ओठ खरे कसे आहेत ते पहिल्यांदा कळते, आणि याच तीन दिवसांत बहुतेक बाया परत काउंटरवर येतात की ही जेली काही कामाची नाही, थंडावालाच द्या. तेव्हा ताटाची परीक्षा करायची, ठसा उमटतोय म्हणजे थर आहे, हातातला मोबाइल खाली ठेवून दुसरं काम करायचं. चौथ्या-पाचव्या दिवशी पापुद्रे सुटायला लागले, मोठे मोठे. ते ओढायचे नाहीत, ओल्या फडक्याचा दोन मिनिटं शेक देऊन जे आपोआप निघेल तेवढंच, बाकी राहू द्यायचं. फारच लोंबत असंल तर बारीक कात्रीनं कापायचं. आठव्या दिवशी तिखट भाजी खाताना आग झाली नाही, रक्त यायचं तर बंदच झालं.

मग अकराव्या दिवशी परत. खालचा ओठ चुरचुर करायला लागला, मध्ये लाल. मला वाटलं हिनं चोरून बाम लावला. विचारलं तर शपथा खायला लागली. मग दिवसभरात तोंडात काय काय गेलं ते विचारत बसले. खोकला झाला होता म्हणून कॉलेजजवळच्या टपरीवरून घशाच्या थंड गोळ्या घेतल्या होत्या, दिवसाला सहा-सात चघळायची, त्यात मेन्थॉलच. आणि टूथपेस्ट घरातली ती झणझणीत पुदिना-लवंगवाली, दात घासताना फेस ओठावर येणारच. शिवाय मामाच्या गावावरून वरूडकडची संत्री आली होती, पोतं भरून, अंगणात बसून सोलून खाणं चालू. संत्र्याच्या सालीचं तेल उडते ना, डोळ्यात गेलं की कसं झोंबते, तेच ओठावर. म्हणजे समोरचा दरवाजा बंद केला आणि मेन्थॉल मागच्या दारानं आलंच.

तर तुम्ही बाम बंद केला आणि तरी फरक पडला नाही असं असंल तर आधी हे मागचं दार बघा, जेलीला नावं ठेवू नका. टूथपेस्ट मुलांची कमी झणझणीत घ्या किंवा निदान घासायच्या आधी ओठाला जेलीचा थर द्या आणि नंतर फेस नीट धुवा. घशाच्या गोळ्यांऐवजी मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. संत्री फोड करून सरळ तोंडात, साल ओठाला लागू द्यायची नाही. खर्रा खाणाऱ्यांचा तर विषयच वेगळा, त्यातला चुना आणि तंबाखू ओठाच्या आतल्या बाजूला भाजत राहतो आणि वरून हे बाम मागतात, मी तोंडावर सांगते की बामानं काही होणार नाही.

वेष्टनावर बारीक इंग्रजी अक्षरात घटक लिहिलेले असतात, चष्मा लावून वाचा. मेन्थॉल आणि कॅम्फर ही नावं तर ओळखूच येतात, पण मेन्था पिपेरिटा किंवा मेन्था आर्वेन्सिस लिहिलं असंल तर तेही पुदिन्याचंच तेल, मेन्थिल लॅक्टेट म्हणजे थंडाव्याचाच भाऊ, युकॅलिप्टस म्हणजे निलगिरी. जास्त असलेला माल आधी आणि कमी असलेला नंतर अशी यादी असते, म्हणून पहिल्या दोन-तीन नावांत पेट्रोलॅटम म्हणजे पेट्रोलियम जेली, मेण किंवा शिया बटर दिसलं तर चांगलं. डब्यावर "नॅचरल" "हर्बल" छापलं म्हणून ते झोंबणार नाही असं काही नसते, कापूर आणि पुदिना दोन्ही हर्बलच आहेत. आणि डोक्याला लावायचा पिवळा बाम ओठाला लावणाऱ्या बाया पण मी बघितल्या, त्यात गंधपुऱ्याचं तेल पण असते, तो तर अजिबातच नाही.

घरच्या उपायात आमच्या आत्याबाईंचं म्हणणं होतं की कापूर, पुदिन्याचं फूल आणि ओव्याचं फूल बाटलीत एकत्र केलं की पाणी होते (खरंच होते, तिन्ही कोरडे खडे आपोआप वितळतात, बघायला गंमत वाटते), त्याचे चार थेंब जेलीत टाक. म्हणजे आम्ही दुकानातला थंडावा काढला आणि त्या घरचा चौपट थंडावा घालायला निघाल्या. नको. पूजेचा कापूर तर कशातच मिसळू नका, तो लावायच्या किंवा खायच्या दर्जाचा नसतो, आणि घरात लहान लेकरू असंल तर कापराच्या वड्या आणि कापूरवाले बाम वर ठेवा, थोडा जरी गिळला तरी लेकराला झटके येऊ शकतात, तसं झालं तर घरी उलटी काढत बसायचं नाही, सरळ दवाखाना. साजूक तूप रात्री लावलं तर चालते, फक्त मुंग्या आणि चाटणं सांभाळा. बेंबीत तेल टाकून ओठ मऊ होतात म्हणतात, बेंबीतून ओठापर्यंत काही पाइपलाइन नाही बाप्पा, तेच तेल ओठाला लावा. जवसाचं मात्र नको, ते हवेत सुकून चिकट पापुद्रा धरते.

सगळं बंद करून, मागचं दार पण बंद करून दोन-तीन आठवड्यांत फरक नसंल तर मग चामडीच्या डॉक्टरला दाखवा. लाली आणि खाज ओठाच्या रेघेबाहेर, हनुवटीकडं पसरत असंल किंवा ओठ सुजत असतील तर ॲलर्जी असू शकते, ती पुदिन्याचीच असंल असं नाही, लॅनोलिनची म्हणजे लोकरीच्या मेणाची किंवा सुगंधाची पण असते, त्याची पाठीवर पट्ट्या लावून तपासणी होते. फक्त तोंडाच्या कोपऱ्यात चिरा असतील तर ती वेगळी भानगड, बहुतेक वेळा बुरशी किंवा अंगात रक्त-जीवनसत्त्व कमी, त्याला बाम लावून वर्ष घालवू नका. पिंपल्ससाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर ओठ वाळणारच, त्या गोळीचा तो ठरलेला परिणाम आहे, डॉक्टरला सांगा आणि जेली जास्त वेळा लावा. आणि खालच्या ओठावर एकच जागा, पांढरी किंवा खरखरीत किंवा सारखी फुटणारी, तीन आठवड्यांत भरत नसंल, त्यातही माणूस उन्हात राबणारा किंवा खर्रा-तंबाखूवाला असंल, तर ते ओठ उलणं समजू नका, तपासून घ्या, लवकर.

पुतणीचं अकराव्या दिवसानंतर गोळ्या आणि पेस्ट बदलल्यावर चारेक दिवसांत शांत झालं. एकविसाव्या दिवशी ओठ पूर्ण गुळगुळीत, तेव्हा तीच म्हणाली की आता बामाचीच परीक्षा घेऊ. आधी तिच्या कोपराच्या आतल्या बाजूला एकाच जागी दिवसातून दोनदा असा आठवडाभर लावला, काही झालं नाही, ना पुरळ ना खाज. मग ओठाला दिवसातून दोनदा. दोन दिवस छान, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चुरचुर सुरू. हातावर काही नाही आणि ओठावर झोंबते म्हणजे बहुतेक ॲलर्जी नसावी, तिच्या पातळ कातडीला तो माल नुसता तिखट पडतो. हे उललेल्या ओठावर करून बघू नका, काही कळत नाही, सगळंच झोंबते.

आता तिच्या पर्समध्ये जेलीची डबी आणि गाडीत तोंडावरून ओढणी, दुपारी उन्हात असली तर झिंक ऑक्साइडवाला बिनवासाचा बाम. रेघा चार-पाचच्या वर जात नाहीत. बाम माझ्या मिस्टरांनी घेतला. साखरेचा स्क्रब आत्याबाई कोपराला घासतात, म्हणतात, "लय थंडं वाटते वो, ओठाले काहून नाही म्हनता?"